‘बघू’ऐवजी काय लिहायचं?

*ताई, मी २९ वर्षांची, मूळची नाशिकची, पुण्यात नोकरी करते. फेब्रुवारीत मैत्रिणीच्या लग्नात तिच्या मावसभावाशी ओळख झाली. तो सांगलीकडे एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. तेव्हापासून रोज रात्री चॅटिंग होतं, कधी फोन. त्याच्याशी बोलायला मला मनापासून आवडतं. पण गेल्या वर्षी साखरपुडा होऊन माझं लग्न मोडलं, आणि आता लग्नाचा विषय निघाला की छातीत धडधडतं. तो नको असं नाही, आत्ता कोणीच नको. दसऱ्याला त्याने विचारलं, "दिवाळीत नाशिकला असशील ना? पाडव्यानंतर आई-बाबांना घेऊन येऊ का?" मी एक हसरी इमोजी टाकली आणि "बघू" लिहिलं. परवा तो सहज म्हणाला की घरी आलेल्या एका स्थळाला त्याने नाही म्हणून सांगितलं. मी हा मेसेज लिहून ठेवलाय: "तू खूप छान आहेस रे, तुला माझ्यापेक्षा चांगली कोणीतरी मिळेल. सध्या घरी जरा टेन्शन आहे, ऑफिसमध्ये पण लोड आहे, त्यामुळे सध्या तरी काही विचार केलेला नाही. बघू पुढे. पण आपली मैत्री अशीच राहू दे, प्लीज रागावू नकोस, सॉरी." पाठवू का? बोलणं तुटेल अशी भीती वाटते.*

*— एक वाचक, पुणे*

हा मेसेज पाठवू नकोस. तुझ्या मनात खोट नाही, हे पत्रावरून कळतं. पण तुझ्या पत्रात जे स्पष्ट आहे ते या मेसेजमध्ये कुठेच आलेलं नाही. मला तू एका ओळीत सांगितलंस की आत्ता कोणीच नको. त्याला मात्र घरचं टेन्शन आणि ऑफिसचा लोड सांगते आहेस.

तो हे कसं वाचेल ते बघ. दिवसभराची पाळी संपवून तो खोलीवर आलाय आणि फोन हातात घेतलाय. ‘सध्या’ हा शब्द तू दोनदा लिहिलास आणि शेवटी ‘बघू पुढे’. ज्याला तू आवडतेस त्याला यात नकार दिसणारच नाही. त्याला दिसेल की घरातलं टेन्शन मिटलं आणि ऑफिसचं काम उरकलं की रस्ता मोकळा. मग तो दिवाळीनंतर विचारेल, "घरचं ठीक झालं का?" तेव्हा तुला दुसरं कारण शोधावं लागेल, आणि संक्रांतीला तिसरं. खोट्या कारणाचा त्रास हाच असतो की समोरचा ते दूर करायला मदतीला धावतो. घरी टेन्शन आहे म्हणालीस तर तो म्हणेल, "मी आईला सांगतो तुझ्या आईशी बोलायला."

‘माझ्यापेक्षा चांगली कोणीतरी मिळेल’ हे वाक्य तर काढूनच टाक. त्याने चांगली-वाईट असं काही विचारलेलंच नाही. त्या वाक्याला त्याच्याकडे एकच उत्तर आहे, "मला तूच हवी आहेस," आणि ते ऐकल्यावर तू आणखी अडकशील. ‘सॉरी’ आणि ‘रागावू नकोस’ यांनी तर तुझी समजूत काढण्याचं काम त्याच्यावर येतं. ज्याला आत्ता वाईट वाटणार आहे, त्यालाच तू सांगते आहेस की वाईट वाटून घेऊ नकोस.

तू स्वतःबद्दल लिहिलेलं ‘तो नको असं नाही’ हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं, आणि मेसेज लिहिण्याआधी ते एकदा तपासून घे. माझ्याकडे अशी पत्रं येतात तेव्हा ‘तयार नाही’ या शब्दांमागे बरेचदा ‘हा माणूस नको’ असं असतं आणि ते म्हणवत नाही म्हणून वेळेची ढाल पुढे केलेली असते. तसं असेल तर मेसेज वेगळा लिहावा लागतो. तेव्हा आज रात्री निवांत बसून कल्पना कर, की वर्षभराने तुझी छाती धडधडायची थांबली आहे, आईने विषय काढला आहे आणि तुला खरंच लग्नाचा विचार करावासा वाटतो आहे. अशा वेळी त्याचे आई-बाबा तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलेत, हे चित्र कसं वाटतं? बरं वाटलं किंवा निदान उत्सुकता वाटली, तर तू म्हणतेस ते खरं आहे. पण तिथेही अंग आखडलं, तर तुला त्याच्याशी गप्पा आवडतात आणि बाकी काही नको, हे तितकंच सरळ सांगावं लागेल. त्या मेसेजमध्ये ‘तयार नाही’ हे शब्द येता कामा नयेत. तिथे एवढंच लिहायचं: "तुझ्याशी बोलायला आवडतं, पण आपल्या दोघांचा लग्नाच्या दृष्टीने मी विचार करत नाहीये आणि पुढेही करणार नाही."

पत्रावरून तुझं ‘आत्ता कोणीच नको’ खरंच वाटतं, म्हणून पुढचं त्या हिशोबाने लिहिते.

तुझ्या बाबतीत खरा पेच त्या स्थळाचा आहे. तो सहज म्हणाला असं तू लिहिलंस, पण लग्नाचं बघणं चालू असलेला मुलगा असलं काही सहज सांगत नाही. त्याच्या घरात एक बायोडेटा आला, पत्रिका जुळवायची बोलणी झाली असतील, आईने फोटो दाखवला असेल, आणि त्याने तुझ्या ‘बघू’वर भरवसा ठेवून नाही म्हटलं. तुळशीचं लग्न कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उरकतं आणि मग लग्नाच्या तिथी सुरू होतात. त्यामुळे दिवाळीच्या आसपास अशा घरांत स्थळांची ये-जा वाढते. म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत तो आणखी एक-दोन ठिकाणी नाही म्हणेल, आणि तुला कदाचित कळणारही नाही. तुझ्या गप्पांचा आनंद दोघांना सारखाच मिळतोय, पण त्याची किंमत या घडीला तो एकटाच मोजतोय. म्हणून तुझ्या मेसेजमध्ये एक गोष्ट असायलाच हवी, जी तुझ्या मसुद्यात नाही: माझ्यासाठी थांबू नकोस.

हे लिहिताना हात थबकेल, हे मला माहीत आहे. ‘तयार नाही’ म्हणणं त्यामानाने सोपं. ‘थांबू नकोस’ म्हणताना तो खरंच थांबणार नाही अशी शक्यता आपण आपल्या हाताने उघडतो. पण ते वाक्य वगळलंस तर बाकीचा सगळा प्रामाणिकपणा अर्धवट राहतो, कारण मग तो मनातल्या मनात स्वतःच एक मुदत ठरवेल आणि ती तुला सांगणार नाही.

मोडलेल्या लग्नाबद्दल लिहावं का, हा प्रश्न तुला पडला असणार. मैत्रिणीला ते माहीत आहे आणि तो तिचा मावसभाऊ आहे, तेव्हा त्याच्या कानावर थोडंफार गेलेलं असणार. एक वाक्य लिही, त्याने तुझं कारण खरं वाटेल आणि ‘माझ्यात काय कमी होतं’ या विचारात तो पडणार नाही. पण एकच वाक्य. कोण काय म्हणालं, देण्याघेण्यावरून झालं की आणखी कशावरून, यातलं काही नको. तपशील दिलास की तो म्हणेल, "मी तसा नाही," आणि बोलणं तो कसा आहे यावर जाईल.

आता मेसेज. मी तुझ्या मसुद्यातलं खरं तेवढं ठेवून असा लिहिला असता:

"अरे, दसऱ्याला तू आई-बाबांना घेऊन यायचं विचारलंस आणि मी नुसतं ‘बघू’ म्हटलं. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं होतं, ते आता देते. तुझ्याशी बोलायला मला खूप आवडतं. कारखान्यातल्या गमतीजमती, तुझं ते चिडून पुन्हा हसणं, सगळंच. पण लग्नाचा किंवा तशा नात्याचा विचार करायला मी आत्ता तयार नाही. गेल्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं आणि त्यातून मी अजून बाहेर आलेले नाही. कधी येईन ते सांगता येत नाही, म्हणून तारीख देत नाही. दिवाळीत तुम्ही घरी यायला नको. आणि माझ्यासाठी थांबू नकोस, घरी स्थळं येतायत ती मोकळ्या मनाने बघ. हे वाचून तुला बोलावंसं वाटलं तर फोन कर, नाही वाटलं तरी मी समजू शकते."

यातलं कारखान्याचं आणि चिडण्या-हसण्याचं वाक्य मी अंदाजाने घातलंय, तिथे तुझं खरं काहीतरी घाल. ते वाक्य दिसायला सजावटीचं आहे, पण काम मोठं करतं. ‘तू छान आहेस’ हे कोणालाही लिहिता येतं आणि नकाराच्या आधी तसं वाक्य येतं हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्याच्याशी झालेल्या गप्पांतली एखादी नेमकी गोष्ट लिहिलीस तर ‘बोलायला आवडतं’ हे त्याला खरं वाटेल. फक्त एक-दोनच गोष्टी लिही. तीन-चार आठवणी काढल्यास तर तो निरोपाचा मेसेज वाटेल, नाहीतर प्रेमपत्र.

‘दिवाळीत तुम्ही घरी यायला नको’ हे जरा रोखठोक वाटेल, पण ते गुळमुळीत करू नकोस. त्याने नेमकं तेच विचारलं होतं आणि त्याला नेमकं त्याचंच उत्तर हवं आहे. हे वाक्य नसेल तर ‘नुसती ओळख म्हणून येऊन जातो’ असा मधला मार्ग त्याच्या घरचे सुचवू शकतात. नाशिकला चहा-फराळाला चार माणसं येऊन गेली की दोन्ही घरांच्या नात्यागोत्यात बातमी होते, आणि मग तुझा नकार दोघांपुरता राहत नाही.

मैत्रीबद्दल मी मुद्दामच काही लिहिलेलं नाही. ‘आपली मैत्री अशीच राहू दे’ ही तुझी इच्छा आहे, पण ती त्याला झेपेल की नाही हे तो आत्ता, त्याच मिनिटाला सांगू शकणार नाही. भावनेच्या भरात ‘हो, का नाही’ म्हणेल आणि मग रोज रात्री मन मारून बोलत राहील.

तुम्ही एरवी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असाल तर हेही तसंच लिही. एरवीचं ‘jevlis ka’ आणि आज अचानक शुद्ध देवनागरी परिच्छेद आला, तर नोटीस आल्यासारखं वाटतं. त्याच्याशी अरे-तुरे करत असशील तर तेही बदलू नकोस.

सगळा मजकूर आधी फोनच्या नोट्समध्ये लिही आणि एकाच मेसेजमध्ये पाठव. चॅटमध्ये आपल्याला एकेक ओळ लिहून सोडायची सवय असते, आणि इथे तीच घात करते. तू ‘तुझ्याशी बोलायला मला खूप आवडतं’ एवढं पाठवून पुढचं टाइप करत असताना तिकडून लाल हृदय येईल, ‘मला पण’ येईल, आणि मग पुढची ओळ पाठवायला तुझा अंगठा वळणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण खाली ‘Edited’ असं दिसतं. पुसलास तर पुसल्याची खूण राहते. काय बदललं आणि का, याचा विचार करत तो रात्र काढेल. म्हणून जे बदलायचं ते नोट्समध्येच बदल.

व्हॉइस नोट नको. आवाज कापला, मध्ये थांबलीस, तर तो शब्दांपेक्षा त्या थांबण्याचाच अर्थ लावत बसेल. लिहिलेलं त्याला पुन्हा वाचता येतं आणि पहिली प्रतिक्रिया कोणी न बघता देता येते, ही त्याच्यासाठी मोठी सोय आहे. दुपारी ‘तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ असा निरोप टाकून रात्रीपर्यंत टांगून ठेवू नकोस. त्याची पाळी बघ. दिवाळीच्या तोंडावर गळीत हंगामाची तयारी असते, बॉयलरचं अग्निप्रदीपन होऊन गेलं की कारखान्यात सगळ्यांचीच धावपळ, आणि हंगाम सुरू झाला की रात्रपाळीही लागते. पाळीवर जाण्याआधी किंवा पाळी चालू असताना हे वाचायला लागू नये. त्याची साप्ताहिक सुट्टी असेल त्या दिवशी, संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला पाठव. त्याला हवं असेल तर त्याच रात्री बोलता येईल आणि उशीरही झालेला नसेल. पण चांगला मुहूर्त शोधत दिवाळी गाठू नकोस. याच आठवड्यात पाठव, कारण त्याच्या घरचे नाशिकला यायचं ठरवू लागले तर त्याला घरी तोंडघशी पडावं लागेल.

आता तिकडून काय येईल ते. नुसतं ‘ठीक आहे’ येऊ शकतं. त्यावर ‘रागावलास का’, ‘काहीतरी बोल ना’ असं काही पाठवू नकोस. दोन निळ्या टिक दिसतील आणि काही येणार नाही, तेही चालेल. ते शांत राहणं त्याच्या हक्काचं आहे, आणि तुला त्या रात्री झोप येणार नाही हे धरून चाल. बहिणीला किंवा मैत्रिणीला आधी सांगून ठेव की आज मी तुला फोन करीन. फक्त ती मैत्रीण म्हणजे त्याची मावसबहीण नको. तिला हे त्याच्याकडून कळू दे. तिने विचारलंच तर एकच सांग, "आम्ही बोललोय, तो सांगेल तेवढं." तिला मध्ये घेतलंस की ती निरोप्या होते, आणि निरोपात शब्द बदलतात.

राग येऊ शकतो. "मग इतके महिने रोज बोललीस कशाला?" हा प्रश्न बोचेल, कारण त्यात थोडं तथ्य आहे. तिथे वाद घालू नकोस, ‘मी कधी काही कबूल केलं होतं का’ हे तर अजिबात नको. एवढं म्हण, "बोलायला आवडत होतं म्हणून बोलले. तू विचारलंस तेव्हा लगेच सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं." त्यापुढे स्पष्टीकरण नको.

सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे गोड उत्तर. "काही घाई नाही, मी थांबतो. वर्ष लागलं तरी चालेल." हे वाचून तुला हायसं वाटेल, डोळ्यांत पाणी येईल, आणि हीच खरी परीक्षा आहे. तू त्यावर ‘थँक यू रे’ आणि एक हृदय पाठवलंस, तर तुमच्यात न बोलता करार झाला असं तो धरेल. त्याला लिही, "तू असं म्हणालास याचं मला मोल आहे. पण थांबू नकोस असं मी मनापासून म्हटलंय. वर्षाने माझं उत्तर हो असेल असं मी आत्ता सांगू शकत नाही." एकदा सांगून त्याने ऐकलं नाही, तर पुढचा निर्णय त्याचा. तो सज्ञान आहे. पण त्याने पुढच्या महिन्यात आणखी एक स्थळ नाकारल्याचं सांगितलं, तर गप्प राहू नकोस, तेव्हाही हेच पुन्हा सांग.

आणि मेसेजनंतरचे दिवस. इथेच बहुतेकांचं बिनसतं. रविवारी संध्याकाळी असा स्पष्ट मेसेज जातो आणि मंगळवारी रात्री अकरा वाजता दोघं पुन्हा ‘झोपलीस का’वर येतात. तो मेसेज एकदाच वाचणार आहे आणि तुझं वागणं रोज बघणार आहे, त्यामुळे तो वागण्यावर विश्वास ठेवेल. म्हणून निदान दिवाळी होईपर्यंत तू स्वतःहून रात्रीचं बोलणं सुरू करू नकोस. त्याने केलं तर नीट बोल, दहा-पंधरा मिनिटं, दिवसाउजेडी असेल तर उत्तम. ‘जेवलास का’, ‘पोचलास का’, ‘आज बोलला नाहीस’ हे सगळं बंद. दिवाळीत साडी नेसून काढलेला फोटो त्याला वेगळा पाठवून ‘कशी दिसते’ विचारायचं नाही. स्टेटसला टाकलास आणि त्याने बघितला तर हरकत नाही. तुला हे कोरडं वाटेल, पण त्याला तुझ्या शब्दांवर विश्वास ठेवायला एवढी जागा लागेल.

बोलणं तुटेल का? काही काळ तुटू शकतं, आणि कायमचंही. तुटणार नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. फेब्रुवारीपासूनच्या गप्पा जशा होत्या तशा तर आता राहणारच नाहीत, कारण दसऱ्याला त्याने विचारलं तेव्हाच त्या बदलल्या. टिकलं तर कमी वेळाचं आणि मोकळं असं काहीतरी टिकेल.

घरी मात्र आईला आधीच सांगून ठेव. साखरपुड्याच्या वेळी त्यांनाही खूप सोसावं लागलं असेल आणि चांगलं स्थळ चालत येतंय हे कुठूनतरी कळलं तर त्या आनंदाने ‘या ना’ म्हणून बसतील. "एक मुलगा ओळखीचा आहे, चांगला आहे, पण मी त्याला आत्ता नाही सांगितलंय, त्यांच्याकडून फोन आला तर मला विचारल्याशिवाय काही ठरवू नकोस," एवढं पुरे. रडू आलं तर येऊ दे. आणि ती धडधड वर्ष झालं तरी विषय निघताच होते आहे, तर पुण्यात एखाद्या समुपदेशकाकडे जाऊन ये. ते त्याच्यासाठी किंवा लग्नासाठी करायचं नाही, रात्री तुला नीट झोप लागावी म्हणून करायचं.

पुढे कधी तुझं मन तयार झालं आणि तोच आठवला, तर पहिला फोन तू करायचास. त्याचं कुठे ठरलंय का हे मैत्रिणीकडून काढून घ्यायचं नाही, त्यालाच विचारायचं, आणि ठरलं असेल तर अभिनंदन करून फोन ठेवायचा.